रेंडरमधून नाहीसा होणारा खांब

जुन्या वाड्याचा दर्शनी भाग दुरुस्त करायचा ठरला की आर्किटेक्ट आधी एक चित्र दाखवतो. संगणकावर घराचं त्रिमिती मॉडेल उभारून त्यावर रंग, पोत आणि ऊन चढवलेलं हे चित्र म्हणजे रेंडर. घरातली मंडळी ते बघून होकार देतात आणि पुढचं काम त्याबरहुकूम चालतं. त्यामुळे मॉडेलमध्ये आधी काय उभं केलं, हे विचारून घेतलेलं बरं.

वाड्याचा दर्शनी भाग बहुधा लाकडावर उभा असतो. दगडी जोत्यावर तळखडे, त्यांवर सागवानी खांब, खांबांवर तुळया, तुळयांवर कडीपाट. विटांची भिंत या सांगाड्यातल्या मोकळ्या जागा भरते. दोन खांबांमधला खण हेच घराचं माप. दार, खिडकी, वरचा सज्जा सगळं त्याच्या हिशेबात बसतं. पुण्यातल्या १८०७ च्या विश्रामबागवाड्याचा लाकडी सज्जा समोरून पाहिला तर त्याचा डौल खांबांच्या ओळीतून येतो, हे चटकन कळतं.

म्हणून मॉडेलमध्येही आधी लाकूड उभं राहायला हवं, प्रत्येक खांब-तुळई जागेवर मोजून. पुष्कळदा होतं उलट: फोटोवरून एक खोकं काढायचं, त्यात खिडक्या कापायच्या आणि खांब शोभेसाठी चिकटवायचे. अशा मॉडेलमधला खांब एक कळ दाबून पुसता येतो आणि घर पडत नाही.

समजा, पाच खणांचं घर आहे, एकेक खण पाच फुटांचा. मालकाला तळमजल्यावर दुकानासाठी रुंद दर्शन हवं, म्हणून रेंडरमध्ये मधला एक खांब काढला. चित्र मोकळंढाकळं दिसतं. प्रत्यक्षात तुळईचा गाळा पाचाचा दहा फूट झाला. एकसारखा भार धरला तर तिला वाकवणारा जोर चौपट होतो आणि तिचा झोल सोळापट. रुंदी तीच ठेवून लाकडावरचा ताण पूर्वीइतकाच राखायचा तर आठ इंच उंचीची तुळई सोळा इंचांची लागेल. झोलही पूर्वीइतकाच हवा असेल तर वीस इंचांची. शिवाय वरच्या मजल्याचा खांब नेमका काढलेल्या खांबाच्या डोक्यावर असतो. त्याचा भार आता गाळ्याच्या मधोमध येतो, म्हणजे हा हिशेबही अपुराच. एवढी जाड तुळई किंवा लोखंडी गर्डर घातला की दुकानाची उंची जवळपास फूटभर कमी होते आणि दर्शनी भागावर एक जड आडवा पट्टा येतो. तो रेंडरमध्ये नव्हता. प्रमाण वेगळं आणि सांगाडा वेगळा, असं वाड्यात करता येत नाही.

गिलाव्याचंही असंच. जुन्या दर्शनी भागात खांब भिंतीच्या पुढे बोटभर, दोन बोटं आलेला असतो आणि त्या कडेची सावली घराला रेघ देते. जुन्या गिलाव्यावरच नवा थर चढवला की खांब भिंतीत बुडतो. सुट्टा गिलावा आधी उतरवावा लागतो आणि मॉडेलमध्ये नव्या थराची जाडी खरी धरावी लागते. थर चुन्याचा हवा. सिमेंट ओल सहज बाहेर सोडत नाही. भिंतीत गाडलेलं लाकूड ती धरून ठेवतं आणि खांब बुंध्याकडून कुजू लागतो. रेंडरमध्ये चुना आणि सिमेंट सारखेच पांढरे दिसतात, म्हणून कशाचा गिलावा ते कागदावर लिहून घ्यावं.

आता चित्र कुठून पाहिलंय ते बघा. घर आठ मीटर उंच आणि समोरची गल्ली चार मीटर रुंद असेल, तर समोरच्या भिंतीला पाठ लावून उभ्या माणसाला घराचा माथा बघायला साधारण ५८ अंश मान वर करावी लागते. संगणक समोरचं घर सहज गायब करतो आणि दहा मीटरांवरून, जवळजवळ सरळ नजरेनं, दृश्य दाखवतो. तिथून वरचा मजला ऐटदार वाटतो. गल्लीतून त्याचं फक्त सज्ज्याचं पोट दिसतं. दूरचं चित्र प्रमाण तपासायला उपयोगी आहे, पण माणसाच्या डोळ्याच्या उंचीवरून, गल्लीतूनच काढलेलं दुसरं चित्र मागावं. पाहुणे घर तिथूनच पाहणार आहेत.

उन्हाचा मोह सगळ्यांत मोठा. कोरीव कामावर तिरपं सोनेरी ऊन पाडलं की कुठलंही रेंडर विकलं जातं. पुण्यातल्या उत्तरेकडे तोंड असलेल्या भिंतीवर डिसेंबरात ऊन पडतच नाही. माध्यान्हीचं ऊन तिला मेच्या मध्यापासून जुलैअखेरपर्यंतच मिळतं, तेही जवळजवळ डोक्यावरून आणि बराच काळ ढगांआडून. मॉडेलमध्ये गाव, दिशा, तारीख आणि वेळ खरी भरली की कोरीव काम सावलीत कसं दिसेल ते कळतं. मग लाकडाला चकचकीत व्हार्निश हवं की नुसतं तेल पुरेसं आहे, हे त्या मंद उजेडात ठरवता येतं.

आणखी एक चित्र मात्र हट्टानं मागून घ्या: पोत नाही, ऊन नाही, फक्त तीन रंग. जागेवर राहणारं जुनं लाकूड एका रंगात, सांधून घेतलेलं दुसऱ्यात, नवं तिसऱ्यात. हे बैठकीत कुणाला आवडत नाही. सुतार मात्र आधी हेच चित्र हातात घेतो.