कॅज्युअल्टीतली रांग कशी लागते?

रुग्णालयाच्या तातडीच्या विभागात आधी आलेल्याला आधी घेत नाहीत. दाखल होताच परिचारिका रुग्णाची तपासणी करून त्याला एक पातळी देते. ब्रिटनमध्ये रुळलेल्या मँचेस्टर पद्धतीत अशा पाच पातळ्या आहेत. लाल म्हणजे ताबडतोब, नारिंगीला १० मिनिटांच्या आत, पिवळ्याला ६०, हिरव्याला १२० आणि निळ्याला २४० मिनिटांच्या आत डॉक्टरने पाहावे, असा दंडक आहे. ही रांग संगणकावर ठेवायची तर दर नव्या रुग्णागणिक सगळी यादी नव्याने लावण्याची गरज नसते. जे. डब्ल्यू. जे. विल्यम्स यांनी १९६४ मध्ये मांडलेली ‘हीप’ ही रचना त्यासाठी पुरते.

हीपमध्ये प्रत्येक जागेखाली जास्तीत जास्त दोन जागा असतात, आणि वरचा रुग्ण खालच्या दोघांपेक्षा निकडीचा असावा एवढाच नियम असतो. बाकीच्यांचा आपसातला क्रम ठरवत बसावे लागत नाही. पुढचा कोण, एवढेच नेमके कळले की झाले.

समजा, पाच जण थांबले आहेत. पहिल्या जागेवर पोटदुखीचा पिवळा रुग्ण, त्याच्याखाली दुसऱ्या जागेवर हिरवा आणि तिसऱ्या जागेवर नंतर आलेला दुसरा पिवळा. चौथ्या-पाचव्या जागा दुसऱ्याखाली. एवढ्यात छातीत दुखणारा नारिंगी रुग्ण येतो. त्याला शेवटी, सहाव्या जागेवर ठेवतात. ती जागा तिसऱ्याखाली येते. तिथला पिवळा आणि तो जागा बदलतात, मग पहिल्या जागेवरच्याशीही तसेच होते. दोन तुलनांत तो सर्वांत वर पोचतो. हजार रुग्ण असते तरी अशा तुलना दहाच्या आसपासच लागल्या असत्या.

नारिंगी रुग्ण आत गेला की शेवटच्या जागेवरचा, म्हणजे उशिरा आलेला पिवळा, तात्पुरता वर येतो आणि त्याची खालच्या दोघांशी तुलना होते. नुसती पातळी पाहिली तर पिवळा आणि पिवळा सारखेच, त्यामुळे तो वरच राहतो आणि आधी आलेला पोटदुखीवाला मागे पडतो. म्हणून पातळीला आगमनाचा क्रमांक जोडतात. ही बारीकशी गोष्ट राहून गेली, तर रांगेतले भांडण ठरलेलेच!

याहून अवघड प्रश्न हिरव्या रुग्णाचा. पिवळे येतच राहिले तर त्याची पाळी येणारच नाही. त्यावर एक तोड अशी, की पातळीऐवजी मुदत संपण्याच्या वेळेवर क्रम लावायचा. दहा वाजता आलेल्या हिरव्याची मुदत बारापर्यंत. अकरा दहाला आलेल्या पिवळ्याची बारा दहापर्यंत. हिरवा आधी जातो. लाल रुग्णांना मात्र या हिशेबाबाहेर, सर्वांच्या पुढेच ठेवावे लागते.

थांबलेल्याची प्रकृती बिघडली तर त्याची पातळी बदलून त्याला वर सरकवता येते. त्यासाठी प्रत्येक रुग्ण हीपमध्ये कुठे आहे याची वेगळी नोंद ठेवतात, नाहीतर सगळी यादी धुंडाळावी लागते. पण प्रकृती बिघडल्याचे हीपला आपोआप कळत नाही. परिचारिकेने बाकांवरच्या रुग्णांना ठरावीक वेळाने पुन्हा तपासले नाही, तर ही रांग जुन्याच माहितीवर चालत राहते.