जर्मन आणि फ्रेंच : दोन परभाषांचा एकत्र अभ्यास

पालीचा विद्यार्थी संशोधनाकडे वळला की थोड्याच दिवसांत त्याच्यापुढे दोन परभाषा उभ्या राहतात. अभिधर्मकोशाचे लुई द ला व्हाले पूसँ यांनी १९२३ ते १९३१ या काळात प्रसिद्ध केलेले भाषांतर फ्रेंचमध्ये आहे. एतिएन लामोत यांचा भारतीय बौद्ध धर्माचा इतिहास (१९५८) फ्रेंचमध्येच आहे. एरिख फ्राउवाल्नर यांचा बौद्ध तत्त्वज्ञानावरील ग्रंथ (१९५६) मात्र जर्मन आहे. या ग्रंथांचे इंग्रजी अनुवाद झाले आहेत. तथापि एखाद्या पारिभाषिक शब्दावर वाद उपस्थित झाला की मुळाकडे जावेच लागते. प्रबंधाची मुदत ठरलेली असल्यामुळे विद्यार्थी दोन्ही भाषांचे वर्ग एकाच जूनमध्ये सुरू करतो आणि दिवाळीपर्यंत त्याच्या मनात दोन्हींची सरमिसळ झालेली असते.

ही सरमिसळ केवळ परीक्षेतील गुण घालवते असे नाही. आमच्याकडे पुद्गलवादावर टिपणे काढणाऱ्या एका विद्यार्थिनीचे उदाहरण घेऊ. तिच्यापुढील फ्रेंच वाक्याचा आशय असा होता : ‘कोणीही एका भवातून दुसऱ्या भवात जात नाही.’ तिने लिहिले : ‘पुद्गल एका भवातून दुसऱ्या भवात जात नाही.’ जर्मनमध्ये ‘पेर्झोन’ म्हणजे व्यक्ती. फ्रेंचमध्येही ‘पर्सॉन’ म्हणजे व्यक्तीच. परंतु हाच शब्द उपपदाशिवाय, ‘न’ या नकारदर्शक शब्दासह आला की त्याचा अर्थ ‘कोणीही नाही’ असा होतो. वाक्यात उपपद नव्हते. विद्यार्थिनीने जर्मन शब्दाच्या ओळखीवर विसंबून फ्रेंच वाक्य वाचले. सर्वांविषयीचे सामान्य विधान त्यामुळे पुद्गल या विवाद्य संकल्पनेविषयीचे विधान झाले आणि तिच्या टिपणात लेखकाच्या तोंडी न केलेला युक्तिवाद आला.

असे का घडते, हे पाली शिकवणाऱ्यास निराळे सांगावयास नको. संस्कृत शिकून आलेला विद्यार्थी पालीच्या उत्तरपत्रिकेत ‘धम्मेन’ऐवजी ‘धर्मेण’ लिहितो. मराठीतील ‘धर्माने’ मात्र तेथे कधी येत नाही. मातृभाषा आपल्या जागी पक्की असते. नव्याने शिकलेल्या भाषा मनाच्या एकाच कप्प्यात पडतात आणि एकीला हाक मारली असता दुसरी उत्तर देते. सारा विल्यम्स आणि ब्यॉर्न हॅमरबर्ग यांनी १९९८ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात हेच दिसते. इंग्रजी मातृभाषा असलेली आणि जर्मन चांगली अवगत असलेली व्यक्ती स्वीडिश शिकत होती. तिच्या स्वीडिश बोलण्यात नकळत शिरणारे शब्द प्रामुख्याने जर्मन होते, इंग्रजी नव्हते. म्हणजे धोका मातृभाषेकडून फारसा नसून आधी शिकलेल्या परभाषेकडून असतो. दोन्ही परभाषा सारख्याच कच्च्या असतील, तर तो दोन्ही दिशांनी असतो.

गोंधळाची ठिकाणे

गोंधळ सर्वत्र सारखा होत नाही. मोठे, अर्थवाही शब्द बहुधा सुरक्षित राहतात. घोटाळा होतो तो लहान शब्दांचा. डी-यू या दोन अक्षरांचा शब्द जर्मनमध्ये ‘तू’ या अर्थाचा आहे, तर फ्रेंचमध्ये तो पुल्लिंगी नामापूर्वी ‘-चा, -ची, -चे’ हा संबंध दाखवतो. डी-ई-एस हे जर्मनमध्ये एकवचनी षष्ठीचे उपपद आहे, तर फ्रेंचमध्ये अनेकवचनाचे. ए-आर-टी म्हणजे फ्रेंचमध्ये कला. जर्मनमध्ये मात्र प्रकार. उच्चार भिन्न असल्यामुळे बोलताना हे शब्द वेगळे राहतात. आमचा विद्यार्थी मुख्यतः मूकवाचन करतो, म्हणून तो नेमका येथेच फसतो. यास्तव आरंभीचे काही महिने प्रत्येक उतारा मोठ्याने वाचावा, असा आमचा आग्रह असतो. शिवाय जर्मनमध्ये प्रत्येक नाम मोठ्या अक्षराने सुरू होते. पानावर दृष्टी टाकताच भाषा ओळखण्याची ही खूण आहे, म्हणून वहीत उतरवून घेतानाही ती कधी सोडू नये.

दुसरे ठिकाण लिंगाचे. सूर्य जर्मनमध्ये स्त्रीलिंगी आणि चंद्र पुल्लिंगी. फ्रेंचमध्ये सूर्य पुल्लिंगी आणि चंद्र स्त्रीलिंगी. समूहवाचक शब्द दोन्ही भाषांत जवळजवळ सारखाच, पण जर्मन ‘ग्रुप्प’ स्त्रीलिंगी आणि फ्रेंच ‘ग्रुप’ पुल्लिंगी आहे. अशा जोड्या समोरासमोर मांडून पाठ केल्या की त्या मनात एकमेकींना चिकटतात आणि कोणते लिंग कोणत्या भाषेचे, हाच प्रश्न उरतो. नाम त्याच्या उपपदासह, आपापल्या भाषेच्या वाक्यातच शिकावे.

येथे मराठी साह्यास येते. ‘मला वाटते की तो उद्या येईल’ या वाक्यात ‘की’नंतरचे क्रियापद शेवटी जाते, जर्मनचे गौणवाक्यही असेच चालते. फ्रेंच गौणवाक्यात क्रियापद सामान्यतः कर्त्यामागोमाग येते, म्हणून तेथे इंग्रजीची घडण अधिक जवळची ठरते. सर्वास्तिवाद्यांच्या पंचाहत्तर धर्मांची संख्या पाहा. जर्मन ‘पाच आणि सत्तर’ म्हणतो, म्हणजे आपल्याप्रमाणेच आधी एकक सांगतो. फ्रेंच मनुष्य ‘साठ-पंधरा’ म्हणतो. जर्मन वाचताना मराठीचा आधार धरावा, फ्रेंच वाचताना इंग्रजीचा. दोन्ही भाषांना असा निरनिराळा आधार मिळाला की त्या एकमेकींवर विसंबत नाहीत.

वेळापत्रक

आमच्या विद्यार्थिदशेत आम्ही सोमवार, बुधवार, शुक्रवार जर्मन आणि उरलेले तीन दिवस फ्रेंच अशी वाटणी केली होती. ती न्याय्य दिसते, पण तीच अत्यंत घातक आहे. दोन्ही भाषांचे पहिले धडे एकाच विषयांचे असतात : अभिवादन, कुटुंब, अंक, वार. त्यामुळे ‘बहीण’ हा शब्द आम्ही सोमवारी एका भाषेत आणि मंगळवारी दुसऱ्या भाषेत शिकलो. बुधवारी तो कोणत्याच भाषेत नीट आठवला नाही. दोष दिवसांच्या वाटणीत नव्हता. दोन्ही भाषा एकाच पायरीवर होत्या, हे खरे कारण होते.

म्हणून पहिला नियम असा की दोन्ही भाषा एकाच वेळी आरंभू नयेत. त्यांत सुमारे सहा महिन्यांचे अंतर ठेवावे. इंग्रजी जाणणाऱ्या वाचकास फ्रेंच शब्दसंग्रह लवकर उमगतो, तर जर्मनच्या विभक्ती आणि लांब वाक्ये अंगवळणी पडण्यास वेळ लागतो. त्यामुळे आम्ही आधी जर्मन घेतो. जून ते नोव्हेंबर आठवड्याचे सहा दिवस रोज पाऊण तास केवळ जर्मन. कोशाच्या साह्याने साध्या गद्याचे एक पान तासाभरात वाचता आले आणि पानावरील बहुतेक नामांची विभक्ती न अडखळता सांगता आली, की फ्रेंच आरंभण्यास हरकत नाही. तोवर फ्रेंचचे पुस्तक उघडू नये, मग डिसेंबरचा जानेवारी झाला तरी चालेल.

दुसऱ्या सहामाहीत फ्रेंचला रोज सकाळी चाळीस मिनिटे द्यावीत. जर्मनचे नवे व्याकरण थांबवून आठवड्यातून तीन किंवा चार सायंकाळी अर्धा तास केवळ वाचन ठेवावे. दोन्ही बैठकी एकामागून एक घेऊ नयेत; मध्ये पालीचा पाठ किंवा अन्य काम असावे. वह्या वेगळ्या असाव्यात आणि शक्य असल्यास बसण्याची जागाही वेगळी असावी. फ्रेंच अंक शिकण्याच्या आठवड्यात जर्मन अंकांची उजळणी टाळावी.

तिसरा टप्पा पहिल्या दोहोंच्या उलट आहे. फ्रेंचचेही एक पान तासाभरात वाचता येऊ लागले, म्हणजे आठवड्यातून एकदा दोन्ही भाषा मुद्दाम एकत्र आणाव्यात. धम्मपदाची एक गाथा घेऊन तिचा आधी जर्मन व नंतर फ्रेंच अनुवाद वाचावा आणि ‘दुक्ख’साठी कोणी कोणता शब्द योजला ते पाहावे. जर्मनमध्ये ‘लायडन’, फ्रेंचमध्ये ‘दुलर’ किंवा ‘सूफ्रांस’ असे शब्द भेटतील. दोन भाषा कायम अलग ठेवल्या, तर त्यांतील भेद ओळखण्याची सवयच लागत नाही. मात्र ही जोड आरंभीच केली, तर भेद ओळखण्याआधी दोहोंची मिसळण होते.

चुकांची वही

वर उल्लेखिलेल्या विद्यार्थिनीस आम्ही दोन आठवडे प्रत्येक चूक लिहून ठेवण्यास सांगितले. चुकीसमोर एकच नोंद करावयाची : ती कोठून आली? जर्मनमधून, फ्रेंचमधून, इंग्रजीतून, की मुळात नियमच ठाऊक नव्हता? एकोणीस चुका जमल्या. त्यांपैकी अकरा फ्रेंच वाचताना जर्मनमधून आल्या होत्या आणि त्यांतील आठ लहान शब्दांच्या होत्या. जर्मन वाचताना फ्रेंचमधून आलेली एकच होती. यावरून उपाय ठरला. जर्मन बाधित झाली नव्हती, म्हणून ती थांबवण्याचे कारण नव्हते. फ्रेंचमधील उपपदे, नकार आणि संबंधदर्शक शब्द मात्र महिनाभर मोठ्याने वाचून घटवावे लागले. पुढच्या पंधरवड्याच्या वहीत जर्मनमधून आलेल्या चुका चारवर उतरल्या.

चुका दोन्ही दिशांनी सारख्याच असतील, तर अर्थ निराळा असतो : पहिली भाषा पक्की होण्यापूर्वीच दुसरी सुरू झाली आहे. अशा वेळी दुसरीतील नवे धडे तीन-चार आठवडे थांबवावेत, वाचलेलेच पुन्हा वाचावे आणि पहिलीस रोजचा वेळ परत द्यावा. फ्रेंच सुरू होताच जर्मनचा वेग काही काळ मंदावतो. तो संकेत धोक्याचा नाही. चुका महिनाभरात कमी झाल्या नाहीत, तरच वेळापत्रक बदलावे.

हे सर्व ग्रंथवाचनापुरते आहे. संभाषण करावयाचे असेल, तर शब्द शोधण्यास उसंत नसते आणि घुसखोरी वाढते. तेथे सहा महिन्यांचे अंतर अपुरे पडेल. इटालियन आणि स्पॅनिश यांसारख्या सख्ख्या बहिणी असतील, तर अंतर त्याहूनही मोठे हवे. त्या विद्यार्थिनीने आता फ्रेंच टिपणांत ‘पर्सॉन’ आले की आधी उपपदाखाली रेघ मारण्याची सवय लावून घेतली आहे. उपपद नसेल तर ती नकारदर्शक ‘न’ शोधते आणि मगच मराठी वाक्य लिहिते.