गल्ल्यावरचे प्रश्न, पडद्यावरचं पान

‘सर, आमच्या चपलांचं पेज एकदम भारी दिसलं पाहिजे. मोठ्या कंपन्यांच्या साइटसारखं. आठवड्यात मिळेल का?’ ऑनलाइन दुकान काढायला निघालेल्या लहान दुकानदाराचा फ्रीलान्सरला जाणारा निरोप पुष्कळदा एवढाच असतो. या तीन वाक्यांतून फ्रीलान्सरला काय कळतं? चपला विकायच्या आहेत आणि घाई आहे, इतकंच. मग तो हाताशी असलेलं तयार टेम्प्लेट घेतो, वर मोठा फोटो, खाली नाव, किंमत आणि लाल बटण टाकून पान उभं करतो. पान दिसायला चांगलं असतं. पण त्यावर चपलेऐवजी शर्ट किंवा मोबाइलचं कव्हर ठेवलं तरी ते तितकंच चांगलं दिसेल. गिऱ्हाईक येतं, पाहतं, पैसे देण्याआधी कुठेतरी अडतं आणि निघून जातं. ते कुठे अडलं, हे ना दुकानदाराला कळतं ना फ्रीलान्सरला.

माझं म्हणणं असं, की पान कसं दिसावं हे सांगताना दुकानदाराने रंग आणि सजावट बाजूला ठेवावी. ते फ्रीलान्सरचं काम आहे आणि त्याला ते येतं. त्याला येत नाही ते एकच : दुकानात आलेलं माणूस चप्पल हातात घेतल्यावर काय विचारतं, कोणत्या क्रमाने विचारतं आणि त्याला खरं उत्तर काय द्यायचं. ही माहिती फक्त गल्ल्यावर बसणाऱ्याकडे असते. चांगला निरोप म्हणजे हीच माहिती.

कोल्हापूरच्या चप्पल लाइनीतल्या एखाद्या दुकानाचं उदाहरण घेऊ. पिढीजात धंदा, माल हाताने बनवलेला, आणि आता पुण्या-मुंबईच्या व परगावच्या गिऱ्हाइकांसाठी ऑनलाइन विक्री सुरू करायची आहे. अशा दुकानदाराचा निरोप कसा असावा, तो तुकड्या-तुकड्याने पाहू. सुरुवात अशी :

‘ताई, नमस्कार. आमचं गिऱ्हाईक मोबाइलवरूनच पाहतं, तेव्हा आधी मोबाइलचं पान करा, कॉम्प्युटरचं नंतर. पान उघडल्यावर बोट न फिरवता पाच गोष्टी दिसल्या पाहिजेत : चपलेचा फोटो, नाव, किंमत, नंबर निवडायच्या चौकटी आणि विकत घ्यायचं बटण. त्यासाठी फोटो थोडा लहान झाला तरी चालेल. खाली वाचत गेलं तरी बटण तळाशी दिसत राहू दे.’

या निरोपात डिझाइनचा एकही शब्द नाही, तरी फ्रीलान्सरचे निम्मे निर्णय झाले. पुष्कळ स्वस्त फोनच्या पडद्याची रुंदी वेबच्या हिशेबात ३६० पिक्सेलच्या आसपास धरतात. एवढ्या जागेत पाच गोष्टी बसवायच्या म्हटल्यावर दुकानाचा भला मोठा लोगो आणि सरकती जाहिरात आपोआप बाहेर जाते.

आता खरा अवघड प्रश्न, तो म्हणजे मापाचा. दुकानात गिऱ्हाईक चप्पल पायात घालतं, दोन पावलं चालतं, आणि दुकानदार अंगठा नि पट्टा कुठे बसतो ते बघून दुसरा जोड काढतो. पडद्यावर यातलं काहीच होत नाही. आपल्याकडे चालणारे नंबर ब्रिटिश मोजणीचे आहेत. त्यात दोन लागोपाठच्या नंबरांत एक तृतीयांश इंचाचा, म्हणजे जेमतेम साडेआठ मिलिमीटरचा फरक असतो. एक सेंटिमीटर चुकलं की नंबर चुकला. त्यातून कोल्हापुरी हाताने बनते, तिला बुटासारखी नाडी नसते की सँडलसारखं बक्कल नसतं. पट्टा सुरुवातीला घट्ट वाटतो आणि वापराने चामडं पायाप्रमाणे सैलावतं. हे माहीत नसलेलं गिऱ्हाईक पहिल्याच दिवशी ‘लहान आली’ म्हणून जोड परत पाठवतं, किंवा आधीच एक नंबर मोठा मागवतं आणि महिन्याभरात चप्पल पायातून निसटायला लागते.

तेव्हा ‘साइज चार्ट टाका’ एवढं लिहून भागत नाही. तयार चार्ट कुठल्यातरी बुटांच्या कंपनीचा असतो. निरोप असा हवा :

‘मापाचा तक्ता मी स्वतः पाठवतो. त्यात नंबराशेजारी पावलाची लांबी सेंटिमीटरमध्ये आहे, ती आमच्याच चपलांवर पाय ठेवून मोजलेली आहे. हा तक्ता वेगळ्या पानावर नको, नंबराच्या चौकटींखालीच दाबल्यावर उघडू दे. त्यात वर लिहा : भिंतीला टाच टेकवून कागदावर उभे राहा, सर्वांत लांब बोटापाशी खूण करा, दोन्ही पाय मोजा आणि मोठा आकडा धरा. शक्यतो संध्याकाळी मोजा. त्याखाली ठळक अक्षरांत : पट्टा आधी घट्ट लागतो, वापराने सैल होतो, दोन नंबरांच्या मध्ये असाल तर पंजा रुंद असल्याशिवाय मोठा नंबर घेऊ नका.’

संध्याकाळचं कारण साधं आहे. दिवसभर उभं राहून, चालून पाय थोडे सुजतात. सकाळच्या मापाची चप्पल संध्याकाळी काचते.

नंबरातूनच पुढची अडचण येते, आणि ती बहुतेक निरोपांतून सुटलेली असते. फ्रीलान्सर जो नमुना दाखवतो, त्यात सगळा माल शिल्लक असतो. प्रत्यक्षात तसं कधीच नसतं. एका चपलेचे तीन रंग आणि सहा ते दहा असे पाच नंबर धरले, तरी पंधरा वेगवेगळे साठे झाले, आणि त्यातला एखादा कायम संपलेलाच. मग तेलकट तपकिरीतला आठ नंबर नसेल तेव्हा पानावर काय दिसावं? हे सांगितलं नाही, तर काही टेम्प्लेटांत ती चौकट नाहीशीच होते आणि गिऱ्हाइकाला वाटतं, यांच्याकडे आठ नंबर बनतच नाही. काही ठिकाणी ती निवडता येते, आणि संपलेल्या मालाचे पैसे दुकानदाराच्या खात्यात येऊन बसतात. दुकानदाराने लिहावं : ‘संपलेला नंबर फिका करून त्यावर आडवी रेघ मारा, पण दिसू दे. त्यावर बोट ठेवलं की “जोड बनवायला किती दिवस लागतील ते विचारा” असं येऊन आमच्या व्हॉट्सॲपवर जाऊ दे. रंग बदलला की कुठले नंबर शिल्लक आहेत ते लगेच बदलायला हवं. आणि उलटी मोजणी करणारं घड्याळ किंवा “शेवटचे दोन जोड” अशी खोटी पाटी कुठेही नको.’

शेवटचं वाक्य नुसत्या चांगुलपणाचं नाही. केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने २०२३ साली फसव्या डिझाइनविरुद्ध जी मार्गदर्शक तत्त्वं काढली, त्यांत खोटी घाई दाखवणं आणि किंमत शेवटच्या पायरीवर वाढवणं, ही दोन्ही नाव घेऊन निषिद्ध ठरवलेली आहेत. म्हणून टपालखर्चही किमतीशेजारीच दिसावा. टेम्प्लेटांसोबत असली घड्याळं मिळतात. दुकानदार काही बोलला नाही, तर ती पानावर येऊन बसू शकतात.

कायद्याची बाकीची बाब थोडक्यात आटोपते, पण निरोपात ती हवीच. वेष्टनबंद मालाचे २०११ चे वैधमापन नियम ऑनलाइन विक्रीलाही लागू आहेत. बनवणाऱ्याचं नाव-पत्ता, सर्व करांसह कमाल किंमत, माप, तक्रारीसाठी संपर्क असा मजकूर पानावर लागतो. बनवल्याचा महिना-वर्ष मात्र पानावर सक्तीचं नाही. कोल्हापुरीला आणखी एक पथ्य आहे. तिला २०१९ साली भौगोलिक मानांकन मिळालं, महाराष्ट्रातल्या आणि कर्नाटकातल्या प्रत्येकी चार जिल्ह्यांसाठी. ते चिन्ह वापरण्याचा हक्क नोंदणी झालेल्या अधिकृत वापरकर्त्याचा असतो. उत्साही फ्रीलान्सर इंटरनेटवरून चिन्ह उतरवून पानावर लावतो, आणि ते निस्तरावं लागतं दुकानदाराला. नोंदणी असेल तर क्रमांकासह कळवावं, नसेल तर ‘चिन्ह लावू नका’ असं स्पष्ट लिहावं.

फोटोंबद्दल दुकानदार भरपूर लिहितात, तरी एक गोष्ट राहते. वनस्पतींच्या साली-फळांनी कमावलेलं चामडं तेलाने, उन्हाने आणि वापराने गडद होत जातं. त्यामुळे फोटोतली फिकी चप्पल आणि सहा महिन्यांनंतरची चप्पल एकसारखी दिसणार नाही. ‘एक फोटो नव्या जोडाचा, एक वापरलेल्या जोडाचा, दोन्ही खिडकीच्या उजेडात काढलेले, खाली तसं लिहा, आणि रंग उजळ करणारा फिल्टर लावू नका,’ एवढ्याने ‘रंग वेगळा आला’ ही तक्रार बरीच कमी होते. तळ, कडेची शिवण आणि पायात घातलेली चप्पल असे आणखी तीन फोटो पुरतात. फोनमधून निघालेला फोटो चार-पाच एमबीचा असतो. तो फ्रीलान्सरने लहान करूनच चढवावा, नाहीतर गावाकडच्या नेटवर पान उघडेपर्यंत माणूस कंटाळून जातं.

मराठी मजकुराची मला विशेष काळजी वाटते, कारण तिथे चूक होते ती फ्रीलान्सरच्या लक्षातही येत नाही. टेम्प्लेटं बहुधा इंग्रजी अक्षरांसाठी आखलेली असतात. इंग्रजीत मथळा ऐसपैस दिसावा म्हणून अक्षरांमध्ये जादा जागा सोडतात. तीच जागा देवनागरीत आली की शिरोरेषा तुटते आणि शब्द विस्कटलेले दिसतात. ओळींतलं अंतर कमी असलं, की वरच्या वेलांट्या आणि रफार कापले जातात, खालचे उकार पुढच्या ओळीत घुसतात. उपाय दोन ओळींचा आहे, आणि दुकानदाराने तो जसाच्या तसा निरोपात चिकटवला तरी चालेल :

```
letter-spacing: 0;
line-height: 1.6;
```

शिवाय मजकूर युनिकोडमध्ये टाइप केलेला पाठवावा. छापखान्यातल्या जुन्या फॉन्टमधला पत्रकाचा मजकूर उचलून दिला, तर पानावर नुसती अगम्य चिन्हं उमटतात.

शेवटी, काम झालं हे कशावरून ठरवायचं तेही निरोपातच लिहून टाकावं, म्हणजे पैशांच्या वेळी वाद राहत नाही. ‘पान तयार झालं की माझ्या मेहुणीच्या जुन्या फोनवर, घरचं वायफाय बंद करून उघडू. ती कुणाला न विचारता पाय मोजून नंबर निवडेल, टपालखर्चासह एकूण रक्कम तिला कळेल आणि ती खरे पैसे भरून एक जोड मागवेल. मग मी एक नंबर संपलेला करीन, एक किंमत बदलीन आणि पन्नास अक्षरांचं लांबलचक नाव टाकीन. हे तिन्ही बदल मला तुमच्या मदतीशिवाय करता आले आणि पान मोडलं नाही, की उरलेली निम्मी रक्कम त्याच दिवशी पाठवतो. नंतर फोटो किंवा मजकुरात दोनदा दुरुस्ती तुम्ही या रकमेत कराल, तिसऱ्यांदा लागली तर वेगळे पैसे सांगा. डोमेन आणि पेमेंटचं खातं माझ्याच नावावर काढतो, पासवर्ड माझ्याकडे राहतील, तुम्हाला कामापुरता प्रवेश देतो.’