शितावरून बिर्याणीची परीक्षा

आज आम्ही आमच्या गटाची एक फसलेली बिर्याणी सांगणार आहोत आणि तीच पुढे कशी जमली तेही सांगणार आहोत. मसाल्याची कृती आज सांगणार नाही, कारण मसाला प्रत्येकीच्या हाताचा वेगळा असतो. बिर्याणी बिघडते ती बहुतेक वेळा दोनच ठिकाणी. एक, भात किती शिजवून उतरवला. दुसरं, भांड्याचं तोंड नीट बंद झालं का.

गटाला हळदीच्या कार्यक्रमाची ऑर्डर आली होती. तीस माणसांची चिकन दम बिर्याणी. घरी एक किलो तांदळाची आम्ही कितीदा तरी केली होती, म्हणून तीन किलोला तिप्पट सामान घेतलं आणि कामाला लागलो. झाकण उघडलं तेव्हा वरचा भात कडक आणि मधे गोळे. म्हणून पाणी शिंपडलं, परत झाकलं, आच वाढवली. पुन्हा उघडलं तर तळाला करपल्याचा वास. पंगत खोळंबली, ठरलेल्या पैशांतले थोडे कमी मिळाले आणि पातेलं घासायला दोघींना अर्धा दिवस लागला.

चूक कुठे झाली हे समजायला आधी दम म्हणजे काय ते पाहू. दम हा फारसी शब्द, त्याचा अर्थ श्वास. अर्ध्याहून जास्त शिजलेला भात मसाल्यावर पसरायचा, झाकण बंद करायचं आणि मंद आचेवर ठेवायचं. खालच्या रश्श्याची वाफ होते, ती भातातून वर चढते, झाकणाला लागून थेंब होऊन परत भातावर पडते. भाताची उरलेली शिजवण ही वाफच करते. वरून पाणी घालायचं नसतं. म्हणजे भांड्याने श्वास रोखून धरला पाहिजे. वाफ बाहेर गेली तर रस्सा आटून तळाला लागतो आणि वरचा भात कच्चा राहतो. आमचं नेमकं हेच झालं होतं.

बिर्याणीचे दोन प्रकार आहेत. हैदराबादकडे कच्ची बिर्याणी करतात. तिच्यात मसाला लावून मुरवलेलं कच्चं मटण किंवा चिकन तळाला असतं आणि ते भाताबरोबरच दमावर शिजतं. आपला मराठवाडा १९४८ पर्यंत निजामाच्या राज्यात होता, म्हणून तिकडची ही पद्धत आपल्याकडेही पुष्कळ घरांत आहे. दुसरी पक्की. तिच्यात चिकन आधी मसाल्यात शिजवून घेतात. कच्चीला दम जास्त वेळ लागतो, त्यामुळे भात आणखी कच्चा उतरवावा लागतो आणि चिकन आतपर्यंत शिजलं का हे झाकण न उघडता ओळखावं लागतं. ऑर्डरीसाठी आम्ही पक्कीच करतो. पुढचं सगळं पक्कीचं आहे.

आता भात. तांदूळ लांब दाण्याचा आणि जुना बासमती घ्यावा. नवा तांदूळ लवकर मऊ पडतो आणि मोडतो. इंद्रायणी किंवा आंबेमोहोर आपल्या रोजच्या ताटात छान लागतो, पण तो चिकट असल्यामुळे दमावर त्याचा गोळा होतो. तांदूळ हलक्या हाताने तीन-चार पाण्यांनी धुऊन अर्धा तास भिजवायचा. भिजला की दाणा आतपर्यंत सारखा शिजतो. न भिजवलेला दाणा वरून मऊ होतो आणि पोटात कडक राहतो.

आपल्या आज्या भात वेळायच्या, म्हणजे भरपूर पाण्यात शिजवून पेज काढून टाकायच्या. बिर्याणीचा भात तसाच करायचा. एक किलो तांदळाला सहा लिटर पाणी घ्यायचं आणि त्यात साधारण शंभर ग्रॅम मीठ घालायचं. पाणी चाखलं तर आमटीपेक्षा जरा खारट लागलं पाहिजे. बरंचसं मीठ पाण्याबरोबर जातं, म्हणून घाबरू नका. पाणी अळणी राहिलं तर भात अळणी होतो आणि नंतर वरून मीठ टाकून ते सुधारत नाही. खडा मसाला आणि चमचाभर तेल याच पाण्यात घालायचं. पाणी खळखळ उकळलं की भिजलेला तांदूळ निथळून सोडायचा आणि मोठ्या आचेवर ठेवायचा.

पाण्याला परत उकळी आली की साधारण चार-पाच मिनिटांत भात हव्या त्या टप्प्यावर येतो. पण घड्याळावर विसंबू नका, तांदळागणिक वेळ बदलते. शितावरून भाताची परीक्षा म्हणतात ना, ती इथे खरोखरच करायची. तिसऱ्या मिनिटापासून दर अर्ध्या मिनिटाने एक शीत काढा आणि अंगठा व बोटाच्या मधे दाबा. कट्कन दोन तुकडे झाले आणि आत जाड पांढरी रेघ दिसली, तर भात अजून निम्माच शिजलाय. दाबल्यावर तीन-चार तुकडे झाले, कडा मऊ आणि मधे पांढरी बारीक कणी टिंबासारखी राहिली, तर तो आपला टप्पा. रुपयात बारा आणे शिजला म्हणा. आणि शीत सपाट चेपलं गेलं, कणी दिसलीच नाही, तर तो जेवायचा भात झाला. त्याला दम दिला तर शितं फुटतात आणि खिचडी होते.

एक किलोला जमलेलं तीन किलोला का फसलं, तर आम्ही तीन किलो तांदूळ नऊ लिटर पाण्यात एकदम टाकला होता. पाणी कमी आणि तांदूळ गार, त्यामुळे उकळी परत यायला दहा मिनिटं गेली. तेवढ्या वेळात दाणे कोमट पाण्यात बाहेरून चिकट झाले आणि आत कडक राहिले. मग एवढा भात टोपलीत ओतला. ढिगाच्या मधली वाफ अडकली आणि मधला भात तिथेच शिजत राहिला. गोळे त्याचेच. भात पाण्यातून काढला म्हणजे शिजायचा थांबत नाही, ही गोष्ट आमच्या ध्यानात नव्हती.

आता आम्ही तीन किलो तांदूळ एकेक किलो करून सोडतो. चिकनचं पातेलं गॅसवरून उतरवून शेजारीच ठेवतो. पहिला किलो थोडा जास्त कच्चा, जाड कणीवर असतानाच झाऱ्याने उचलून, निथळून, थेट चिकनवर पसरतो. टोपली नाही, ढीग नाही. त्याला खालून रस्सा मिळतो आणि बाकीचा भात होईपर्यंत तो आपल्या उष्णतेने शिजतही असतो, म्हणून त्याला कच्चं ठेवायचं. मग त्याच पाण्यात गरम पाणी आणि थोडं मीठ वाढवून दुसरा किलो सोडतो. तो आपल्या बारा आण्यांच्या टप्प्यावर काढतो. तिसरा किलो अर्धा-एक मिनिट जास्त ठेवतो, कारण सगळ्यात वरच्या थराला वाफ उशिरा पोहोचते. मधेमधे तळलेला कांदा, पुदिना, कोथिंबीर, आणि वरून केशराचं दूध व तूप. भात हाताने दाबायचा नाही, वाफेला वाट हवी.

खालच्या रश्श्याकडेही बघा. पातेलं कलतं केलं की तो पातळ पिठल्यासारखा सावकाश सरकला पाहिजे. आमटीसारखा पळत असेल तर खालचा भात गिच्च होईल, आधी आटवून घ्या. अगदीच कोरडा असेल तर वाफ होणार कशाची? अर्धी-एक वाटी गरम पाणी चिकनमध्येच घाला, भातावर नको.

आता तोंड बंद करणं. पातेलं काठोकाठ भरायचं नाही. भाताच्या वर चार बोटं जागा सोडा. आमच्या पातेल्याच्या काठाला एका बाजूला पोचा होता आणि आम्ही नुसतं झाकण ठेवून वर वजन ठेवलं होतं. सगळी वाफ त्या पोच्यातून गेली. वजनाने फट बुजत नाही, कणकेने बुजते.

फूटभर रुंद तोंडाच्या पातेल्याला पाव किलो पीठ पुरतं. पुरीसारखी घट्ट कणीक मळा. सैल असेल तर गरम होऊन काठावरून ओघळते, फार कोरडी असेल तर तडकते. अंगठ्याएवढी जाड लांब वळी करा. काठ आणि झाकणाची कड कोरड्या फडक्याने पुसा. तूप किंवा पाणी लागलेलं असेल तर कणीक धरत नाही. वळी काठावर सगळीकडे सलग बसवा, दोन टोकं एकमेकांवर चढवून चेपा आणि झाकण वरून सरळ दाबा. बाहेर आलेली कणीक बोटाने कडेला लिंपून घ्या. चार-पाच चिमटे कणीक बाजूला ठेवा, डागडुजीसाठी.

पातेल्याखाली जाड लोखंडी तवा घ्या. आधी सात-आठ मिनिटं मध्यम आच द्या. झाकणावर पाण्याचा थेंब टाकल्यावर तो लगेच सुकू लागला की आत वाफ भरली. मग आच अगदी मंद करा आणि पंचवीस मिनिटं ठेवा. चुलीवर असाल तर लाकडं ओढून घ्या, खाली निखारे ठेवा आणि थोडे निखारे झाकणावरही टाका. वाफ गळते का हे बघायला गार स्टीलची वाटी कडेजवळ फिरवा, जिथे तिच्यावर धुकं जमेल तिथे फट आहे. हात लावून बघू नका, भाजेल. तिथे ओल्या बोटांनी कणकेचा चिमटा लिंपा.

एक गोष्ट मात्र सांभाळा. हा कुकर नाही, याला शिटी नाही. आच जास्त झाली तर कणीक एखाद्या जागी सुटते आणि जादा वाफ जाते. तिथे चटकन लिंपण्याआधी आच कमी करा. झाकण तारेने किंवा पकडीने कधीही आवळू नका.

गॅस बंद केल्यावर पंधरा मिनिटं हात लावायचा नाही. त्या वेळात वाफ भातात मुरते आणि शितं मोकळी होतात. मग सुरीने कणीक कापा आणि झाकण आपल्यापासून पलीकडच्या बाजूने उचला, वाफ तोंडावर येत नाही. ढवळायचं नाही. सपाट झाऱ्याने कडेपासून तळापर्यंत जाऊन उभा थर उचलायचा, म्हणजे प्रत्येक ताटात भात आणि चिकन दोन्ही येतं.

दुसऱ्या ऑर्डरीला आम्ही पोचे आलेलं पातेलं घरीच ठेवलं आणि सरळ काठाचं भाड्याने आणलं. झाकण एकदाच उघडलं, तेही पंगत बसल्यावर. वरचं एक शीत दाबलं, कणी नव्हती. तळाचं एक दाबलं, ते फुटलेलं नव्हतं. कापलेली कणीक कोंबड्यांना टाकली आणि पातेलं एकीनेच घासलं.