मनगटावरची बॅटरी नेमकी कुठे जाते?

स्मार्टवॉचची बॅटरी पुरत नाही, अशी तक्रार केली की सल्ले येतात ते सगळं बंद करून टाकण्याचे. पडदा बंद करा, हृदयाचे ठोके मोजणं बंद करा, वायफाय बंद करा. इतकं सगळं बंद केल्यावर हातात उरतं ते रोज चार्ज करावं लागणारं एक महागडं घड्याळ. खरं तर तीनच सेटिंग नीट समजून घेतली आणि त्यातलं आपल्या घड्याळात कुठलं जास्त खातंय हे शोधलं, तर बाकीचं जसंच्या तसं ठेवता येतं. शोधण्याची सोपी जागा म्हणजे रात्र. ती का, ते पुढे येईलच.

उदाहरण म्हणून अ‍ॅपल वॉच घेऊ, कारण त्यात ही तिन्ही सेटिंग स्पष्ट वेगवेगळी दिसतात. घड्याळाची बॅटरी मुळातच लहान असते. आजच्या फोनमध्ये साधारण ५००० मिलिअँपिअर-तासांची बॅटरी असते; अ‍ॅपल वॉच सीरीज ८ च्या मोठ्या आकारात ती ३०० च्या थोडी वर आहे. एवढ्या साठ्यावर १८ तास चालेल असं कंपनी सांगते. म्हणजे तासाला सरासरी साडेपाच टक्के वापरले गेले तरी घड्याळ कंपनीच्या हिशेबातच चाललेलं असतं. प्रश्न येतो तो झोपेची नोंद ठेवायची असते तेव्हा. झोपण्यापूर्वी चार्ज ३० टक्क्यांच्या खाली असेल, तर घड्याळ स्वतःच चार्ज करण्याची आठवण करतं.

आता पहिलं सेटिंग, `Always On`. हे चालू असलं की हात खाली असतानाही पडद्यावर वेळ मंद दिसत राहते. अ‍ॅपलने ते २०१९ मध्ये सीरीज ५ मध्ये आणलं. ते शक्य झालं, कारण तिच्या ओएलईडी पडद्याचा चित्र बदलण्याचा वेग सेकंदाला ६० वेळांवरून एकापर्यंत खाली आणता येतो. ओएलईडीमध्ये प्रत्येक ठिपका स्वतः उजळतो आणि काळा ठिपका म्हणजे बंद ठिपका. म्हणूनच हात खाली गेला की घड्याळ उजेड कमी करतं, पांढरी पार्श्वभूमी काळी करतं आणि बहुतेक चेहऱ्यांवरचा सेकंदकाटा लपवतं. इतकी काटकसर करूनही पडदा दिवसभर चालूच असतो. खर्च दर क्षणाला थोडा असला तरी तो थांबत नाही. फोटोचा किंवा फिकट रंगांनी भरलेला चेहरा लावणाऱ्याला तो जास्त जाणवतो, काळ्या पार्श्वभूमीवर बारीक आकडे असलेल्या चेहऱ्याला कमी.

दुसरं सेटिंग `Wake on Wrist Raise`, म्हणजे मनगट उचललं की पडदा पूर्ण उजळणं. इथे एक गैरसमज नेहमी आढळतो. लोकांना वाटतं की हाताची हालचाल ओळखणारा सेन्सर बॅटरी खातो. तो सेन्सर पावलं मोजण्यासाठी तसाही दिवसभर जागाच असतो. हे सेटिंग बंद केल्याने तो झोपत नाही. खर्च होतो तो चुकून उजळण्याचा. लोकलमध्ये कडी धरून उभं राहणं, स्कूटरचं हँडल धरणं, कणीक मळणं, वर्गात फळ्यावर लिहिणं, हातवारे करत बोलणं, या प्रत्येक वेळी घड्याळाला वाटू शकतं की मालकाला वेळ बघायची आहे. पडदा पूर्ण उजेडाने, पूर्ण वेगाने जागा होतो आणि त्याच्यासोबत मुख्य प्रोसेसरही. दिवसभर टेबलाशी बसून काम करणाऱ्याला हे सेटिंग फारसं महाग पडत नाही. हात सतत वर ठेवून काम करणाऱ्याला पडतं.

ही दोन सेटिंग एकमेकांत गुंतलेली आहेत, पण एक चालू ठेवून दुसरं बंद करता येतं, हे फार कमी जणांना माहीत असतं. दोन्ही घड्याळाच्या `Settings` मध्ये `Display & Brightness` खाली सापडतात. `Always On` बंद आणि मनगट उचलणं चालू, ही जोडी बहुतेकांसाठी सर्वांत चांगली: हवी तेव्हा वेळ दिसते, एरवी पडदा काळा. पण ज्यांचा हात सतत वर असतो, त्यांनी उलटी जोडी करून पाहावी. `Always On` चालू ठेवावं आणि मनगट उचलून उजळणं बंद करावं. मग पडदा मंदच राहतो, वेळ तेवढ्यात वाचता येते आणि बोटाने टिचकी मारल्याशिवाय तो पूर्ण उजळत नाही. परिचारिका, स्वयंपाकी, शिक्षक यांच्यासाठी मला ही जोडी जास्त योग्य वाटते, कारण त्यांना दोन्ही हात गुंतलेले असताना नुसत्या नजरेने वेळ हवी असते. त्याच पानावर `Wake Duration` आहे. टिचकी मारल्यावर पडदा १५ सेकंद उजळावा की ७० सेकंद, ते तिथे ठरतं. तिथे ७० असेल तर १५ करावं.

तिसरं सेटिंग `Background App Refresh`. ते `Settings` मध्ये `General` खाली आहे, आयफोनवरच्या वॉच अ‍ॅपमध्येही याच नावाने मिळतं. आपण उघडलेलं नसतानाही अ‍ॅप मधूनमधून जागं होऊन ताजी माहिती आणतं, ते या परवानगीने. तो खर्च पडद्यावर दिसत नाही, त्यामुळे त्याच्याकडे लक्षही जात नाही. घड्याळाच्या चेहऱ्यावर हवामान, कॅलेंडर, शेअर बाजार अशा ज्या छोट्या चौकटी असतात, त्यांना कॉम्प्लिकेशन म्हणतात. अ‍ॅपलच्या नियमांप्रमाणे, ज्या अ‍ॅपची चौकट चालू चेहऱ्यावर आहे त्याला तासाला चार वेळांपर्यंत ताजं होता येतं. आणि महत्त्वाची गोष्ट अशी, की त्या अ‍ॅपची ही परवानगी सेटिंगमधून काढून घेतली तरी चौकट चेहऱ्यावर असेपर्यंत ते ताजं होत राहू शकतं. म्हणून अनेकजण इथलं बटण बंद करतात आणि काहीच फरक पडला नाही म्हणून वैतागतात. आधी चेहऱ्यावरच्या नको असलेल्या चौकटी काढाव्यात, मग यादीत जाऊन एकेका अ‍ॅपची परवानगी बंद करावी.

सगळ्यांत वरचं एकत्र बटण मात्र मी बंद करायला सांगणार नाही. त्याने ज्यांचा उपयोग होतो ती अ‍ॅपही शिळी होतात: हवामान सकाळचंच राहतं, बसची वेळ उघडल्यावरच बदलते. मेसेज आणि फोन मात्र येतच राहतात, कारण त्यांच्या सूचना वेगळ्या मार्गाने येतात. पावलं आणि हृदयाचे ठोके यांच्या नोंदीलाही धक्का लागत नाही. ते काम घड्याळाची प्रणालीच करते.

आता रात्रीचा हिशेब. झोपेच्या वेळी `Sleep Focus` आपल्या नेहमीच्या सेटिंगनुसार चालू झाला, की पडदा काळा होतो आणि मनगट उचलल्यानेही उजळत नाही. म्हणजे वर सांगितलेली पहिली दोन सेटिंग घड्याळ स्वतःच बाजूला ठेवतं. रात्री जे जातं ते फक्त पार्श्वभूमीचं काम, ठोके मोजणं आणि झोपेची नोंद यांचं. दिवसाचा ताशी खर्च आणि रात्रीचा ताशी खर्च शेजारी मांडला की चोर कुठे आहे ते कळतं.

समजा, ठाण्याहून रोज फोर्टला नोकरीला जाणाऱ्या एका बाईंच्या हातात सीरीज ८ आहे. सकाळी ६ वाजता १०० टक्के, रात्री ९ वाजता २२. पंधरा तासांत ७८ टक्के, म्हणजे तासाला ५.२. झोपण्यापूर्वी त्या ते ८० पर्यंत चार्ज करतात, रात्री साडेदहाला हातात घालतात आणि पहाटे साडेपाचला ६६ दिसतात. सात तासांत १४, म्हणजे तासाला २. त्यांचा मूळ खर्च हा २ टक्क्यांचा; उरलेले तीनेक टक्के दिवसातल्या पडद्याचे, सूचनांचे आणि चालण्याचे. म्हणून त्यांनी आधी `Always On` बंद करावं, आणि बाकी काहीही बदलू नये. दुसऱ्या तशाच कामाच्या दिवशी, व्यायाम आणि प्रवास सारखाच ठेवून, खर्च ताशी ४ वर आला असं धरू. मग रात्री ९ वाजता ४० टक्के उरतील, रात्रीच्या नऊ तासांचे १८ गेले की सकाळी ६ वाजता २२. संध्याकाळचं चार्जिंग संपलं. सकाळी आंघोळ, चहा, डबा होईपर्यंत घड्याळ चार्जरवर ठेवलं की पुरे. सीरीज ७ पासूनच्या मुख्य मालिकेतली घड्याळं कंपनीच्या वेगवान चार्जरवर शून्यापासून ८० टक्क्यांपर्यंत साधारण पाऊण तासात किंवा त्याहूनही लवकर जातात.

याच बाईंचा रात्रीचा आकडा ४ निघाला असता, तर पडद्याला हात लावण्यात अर्थ नव्हता. मग शोध पार्श्वभूमीत घ्यायचा: कुठली चौकट, कुठलं नवं अ‍ॅप, आणि रात्री फोन दुसऱ्या खोलीत फार लांब तर राहत नाही ना. ब्लूटूथचा धागा तुटला की घड्याळ वायफाय किंवा मोबाइल नेटवर्क शोधायला लागतं आणि ते काम जड असतं.

एकावेळी एकच बदल हा नियम इथे पाळावाच लागतो. दोन सेटिंग एकदम बदलली तर फायदा कशाचा झाला हे कळत नाही, आणि माणूस उपयोगाचं सेटिंगही कायमचं बंद ठेवतो. सॉफ्टवेअर नुकतंच अद्ययावत केलं असेल तर एक-दोन दिवस थांबून मगच मोजावं, कारण त्या काळात घड्याळ आतली कामं उरकत असतं.

कमी ऊर्जेचा मोड, `Low Power Mode`, हा या सगळ्यावरचा सोपा उपाय वाटतो. सीरीज ८ त्यात ३६ तासांपर्यंत चालते असं कंपनी सांगते. पण तो `Always On` सोबत पार्श्वभूमीतलं ठोके मोजणं आणि अनियमित ठोक्यांच्या सूचनाही थांबवतो. ज्या आजी-आजोबांच्या हातात मुलांनी नेमक्या त्या सूचनांसाठी घड्याळ घातलं आहे, त्यांच्या घड्याळात तो रोज चालू ठेवू नये. प्रवासात चार्जर नसेल त्या दिवशी ठेवावा.

इतर घड्याळांतही हीच विभागणी वेगळ्या नावांनी असते. गुगलच्या वेअर ओएसवर मनगट उचलण्याला `Tilt-to-wake` म्हणतात. आपल्याकडे स्वस्तात मिळणाऱ्या, आठवडाभर चालण्याचा दावा करणाऱ्या बऱ्याच घड्याळांत बाहेरून अ‍ॅप घालताच येत नाहीत, त्यामुळे तिसऱ्या सेटिंगचा प्रश्न उरत नाही. तिथे सगळा खेळ पडद्याचा, आणि तो आठवड्याचा दावा बहुधा पडदा बंद ठेवूनच केलेला असतो.

दिवसाचा आणि रात्रीचा दोन्ही आकडे वाढलेले असतील आणि कुठल्याच बदलाने हलत नसतील, तर `Settings`, `Battery`, `Battery Health` या वाटेने जाऊन `Maximum Capacity` पाहावी. तिथे ८० पेक्षा कमी टक्के दिसत असतील तर बॅटरीच थकली आहे, आणि ती अधिकृत सेवा केंद्रातून बदलून घ्यावी लागेल.