महिन्याचा पगार आणि एका तासाचा भाव

रोजंदारीवरच्या माणसाला ओव्हरटाइमचा हिशेब लगेच उमगतो. दिवसाची मजुरी, तिला आठाने भागायचं, त्याची दुप्पट करायची. महिन्याच्या पगारावर असलेल्याचं मात्र तसं नसतं. त्याच्या पगारात रविवार असतात, सणाच्या सुट्ट्या असतात, अठ्ठावीस दिवसांचा फेब्रुवारी आणि एकतीस दिवसांचा मार्च एकाच रकमेत बसलेले असतात. या पगारातून एका तासाचा दर काढायचा तर त्याला कितीने भागायचं, हा प्रश्न बहुतेकांनी कधी विचारलेलाच नसतो. पगार विभाग जो आकडा वापरतो तो वर्षानुवर्षं तसाच चालत राहतो.

कायदा ‘दुप्पट’ हा शब्द स्पष्टपणे देतो. १९४८ च्या कारखाने अधिनियमाच्या कलम ५९ प्रमाणे दिवसाला नऊ किंवा आठवड्याला ४८ तासांपलीकडे काम झालं, तर त्या कामाला नेहमीच्या दराच्या दुप्पट मजुरी द्यावी लागे. नोव्हेंबर २०२५ पासून या कायद्याची जागा नव्या कामगार संहितेने घेतली, पण दुप्पट कायम राहिली. कशाची दुप्पट, हे मात्र भाजकावर ठरतं, आणि तो भाजक कलम ५९ मध्ये लिहिलेला नव्हता.

एक उदाहरण घेऊ. चाकणच्या एखाद्या कारखान्यात काम करणाऱ्या कामगाराचं वेतन महिन्याला ३१,२०० रुपये आहे. आठवड्याचे सहा दिवस, रोज आठ तास, म्हणजे ४८ तासांचा आठवडा. या महिन्यात त्याने २० तास ओव्हरटाइम केला.

पगार विभाग सहसा असा हिशेब करतो: महिना ३० दिवसांचा, दिवस ८ तासांचा, म्हणून २४० तास. ३१,२०० भागिले २४० म्हणजे तासाला १३० रुपये. दुप्पट २६०, आणि वीस तासांचे ५,२०० रुपये. आकडेमोडीत चूक नाही, गृहीतकात आहे. तीस दिवसांत चार-पाच साप्ताहिक सुट्ट्या आहेत आणि त्या दिवशी हा माणूस कामावर येतच नाही. दिवस मोजताना सुट्टी धरली आणि तास मोजताना त्या सुट्टीलाही आठ तासांचं काम चिकटवलं. जे तास त्याने कधी करायचेच नव्हते, ते भागाकारात शिरले आणि त्यांनी दर खाली ओढला.

योग्य वाट आठवड्यापासून सुरू होते, कारण महिन्याची लांबी बदलते, आठवड्याची बदलत नाही. वर्षाचे आठवडे ५२, महिने १२. म्हणून

```
महिन्याचे तास = आठवड्याचे तास × 52 ÷ 12
```

४८ तासांच्या आठवड्याला हे उत्तर २०८ येतं. ३१,२०० भागिले २०८ म्हणजे तासाला १५० रुपये, दुप्पट ३००, वीस तासांचे ६,००० रुपये. आधीच्या हिशेबापेक्षा ८०० रुपये जास्त. दर महिन्याला इतकाच ओव्हरटाइम होत असेल, तर वर्षाला ९,६०० रुपयांचा फरक पडतो. माझ्या मते ही रक्कम ‘पद्धत आहे’ एवढ्या उत्तरावर सोडून देण्यासारखी नाही.

२०८ हा आकडा दुसऱ्या दाराने आला की अनेकांना ओळखीचा वाटतो: २६ दिवस गुणिले ८ तास. सहा दिवसांच्या आठवड्यात महिन्याचे सरासरी कामाचे दिवस २६ भरतात. ग्रॅच्युइटीच्या हिशेबात पंधरा दिवसांचं वेतन काढताना मासिक पगाराला ३० नव्हे, २६ ने भागायचं, हे १९८० मध्ये सर्वोच्च न्यायालयाने श्री दिग्विजय वूलन मिल्सच्या खटल्यात मान्य केलं आणि पुढे ते कायद्यातही आलं. तो निकाल ओव्हरटाइमचा नव्हता. पण पगार हा कामाच्या दिवसांचा मोबदला आहे, हा विचार दोन्हीकडे तोच आहे.

मात्र २०८ पाठ करून ठेवण्यात धोका आहे, कारण तो फक्त ४८ तासांच्या आठवड्याचा आकडा आहे. तोच ३१,२०० पगार ४५ तासांच्या आठवड्यासाठी असेल तर भाजक १९५ आणि तासाचा दर १६०. आठवडा ४० तासांचा असेल तर भाजक १७३.३३ आणि दर १८० रुपये. इंडोनेशियात ओव्हरटाइमसाठी मासिक वेतनाचा १७३ वा भाग हा तासाचा दर मानतात, तो याच ४० तासांतून येतो. सिंगापूरच्या सूत्रात मूळ मासिक वेतनाला १२ ने गुणून ५२ गुणिले ४४ ने भागतात, कारण तिथला कायदेशीर आठवडा ४४ तासांचा आहे. दक्षिण कोरियात मात्र आठवडा ४० तासांचा असूनही २०९ ने भागतात. तिथे साप्ताहिक सुट्टीचे आठ तास पगारी म्हणून कायद्यानेच धरले आहेत, त्यामुळे आठवडा ४८ तासांचा होतो. म्हणजे सुट्टीचे तास भाजकात घेता येतात, पण तसा नियम लिहिलेला असावा लागतो. पगार विभागाने गुपचूप ३० दिवस धरणं वेगळं.

म्हणून पहिला प्रश्न आपला आठवडा नक्की किती तासांचा, हा. कार्यालयात सकाळी नऊ ते संध्याकाळी सहा, पाच दिवस, असं असेल तर उपस्थिती ४५ तासांची दिसते. पण त्यातला एक तास जेवणाचा आणि तो कामात मोजलेला नसेल, तर आठवडा ४० तासांचा. ओव्हरटाइम मोजताना जेवणाची सुट्टी वजा आणि भाजक काढताना तीच सुट्टी धरलेली, असं झालं तर कामगाराचं दोन्हीकडून नुकसान होतं. नेमणूकपत्रात लिहिलेले कामाचे तास इथे कामी येतात.

काही ठिकाणी त्या-त्या महिन्याच्या कामाच्या दिवसांनी भागतात. चोवीस दिवसांच्या फेब्रुवारीत आपल्या कामगाराचा दर १६२.५० होतो, सत्तावीस दिवसांच्या महिन्यात १४४.४४. काम तेच, पगार तोच, मग दर का हलावा? वार्षिक सरासरीचा भाजक यासाठीच बरा.

भाजक बरोबर असूनही भागल्या जाणाऱ्या रकमेत काटछाट होऊ शकते. जुन्या कायद्यात बेसिकबरोबर मिळणारे भत्तेही दरात धरायचे होते, बोनस आणि ओव्हरटाइमचे पैसे वगळून. नव्या संहितेत वेतनाची व्याख्या निराळी आहे: घरभाडे भत्त्यासारख्या बाबी बाहेर राहतात, पण बाहेर ठेवलेली रक्कम एकूण मोबदल्याच्या निम्म्याहून जास्त झाली तर जादा भाग वेतनात परत धरावा लागतो. त्यामुळे वेतनाची रक्कम ३१,२०० धरायची की कमी, हे स्लिपवरच्या प्रत्येक ओळीवरून ठरवावं लागतं. व्यवस्थापकीय पदांवरच्या अनेकांना या दुप्पट दराचा हक्कच मिळत नाही, हेही आधी पाहून घ्यावं.

आपल्या पगारात कोणता भाजक वापरला आहे, हे कोणालाही न विचारता कळतं. ओव्हरटाइमच्या रकमेला तासांनी भागा, मग दोनने भागा, आणि आलेल्या दराने वेतनाला भागा. आपल्या उदाहरणात ५,२०० भागिले २० म्हणजे २६०, त्याचे निम्मे १३०, आणि ३१,२०० भागिले १३० म्हणजे २४०. ही तपासणी करताना हजेरीतले तास नीट वाचा. दोन तास चाळीस मिनिटं म्हणजे २.४० तास नव्हेत, २.६७ तास. २.४० असं लिहिलेलं असेल, तर सोळा मिनिटं हिशेबातून गळालेली आहेत.