दोन ‘एक’ शेजारी नकोत

दहा घरं एका ओळीत आहेत आणि प्रत्येक घरात ० किंवा १ लिहायचा आहे. काही अट नसेल तर हे १,०२४ प्रकारे करता येतं, कारण प्रत्येक घराला दोन पर्याय आहेत आणि दोनचा दहावा घात तेवढाच होतो. आता एकच अट घाला: दोन १ शेजारीशेजारी येता कामा नयेत. मग किती ओळी उरतात? बहुतेक जण अंदाजाने सहाशे-सातशे म्हणतात. खरं उत्तर आहे १४४.

आधी सुचतं ते वजा करणं. पहिल्या दोन घरांत ११ असलेल्या ओळी काढा, दुसऱ्या-तिसऱ्या घरांत असलेल्या काढा, आणि असंच पुढे. पण ११११ सारखी ओळ या वजाबाकीत तीनदा कापली जाते. मग जास्तीचं कापलेलं परत मिळवा, त्यात जास्त मिळवलं गेलेलं पुन्हा कापा. दहा घरांना हे कसंबसं जमतं, वीस घरांना कुणी त्या वाटेला जाऊ नये.

त्याऐवजी ओळीच्या शेवटच्या घराकडे पाहायचं. तिथे ० असेल तर त्या शून्यामुळे काहीच बिघडत नाही, त्याच्या आधीची नऊ घरं नियम पाळणारी असली की झालं. म्हणजे शून्यावर संपणाऱ्या दहा घरांच्या ओळी नऊ घरांच्या चांगल्या ओळींइतक्याच. शेवटी १ असेल तर मात्र त्याच्या आधी ० असणं सक्तीचं आहे. शेवटची दोन घरं ०१ अशी ठरूनच गेली, निवड उरली ती आधीच्या आठ घरांची. तेव्हा एकावर संपणाऱ्या ओळी आठ घरांच्या चांगल्या ओळींइतक्या. तिसरी शक्यता नाही, आणि कुठलीही ओळ दोन्ही गटांत पडत नाही. म्हणून दहा घरांचं उत्तर म्हणजे नऊ घरांचं अधिक आठ घरांचं. मागच्या उत्तरांवरून पुढचं काढून देणाऱ्या अशा नियमाला गणितात ‘रिकरन्स’ म्हणतात.

नियम एकटा काही देत नाही, सुरुवात हातानेच करून द्यावी लागते. एका घराच्या ओळी दोन: ० आणि १. दोन घरांच्या तीन: ००, ०१, १०. इथून नुसती बेरीज. तीन घरांच्या पाच, चार घरांच्या आठ, मग १३, २१, ३४, ५५, ८९ आणि दहाव्या घराला १४४. परीक्षेत इथे हमखास होणारी चूक म्हणजे सवयीने १, १ पासून सुरुवात करणं. सगळे आकडे ओळखीचे दिसतात आणि सगळे दोन घरं मागे पडतात. तीन घरांच्या ओळी एकदा लिहून काढल्या की ही चूक लगेच उघडी पडते: ०००, ००१, ०१०, १००, १०१. पाच आल्या, म्हणजे गाडी रुळावर आहे.

हे आकडे फिबोनाचीचे म्हणून जगभर ओळखले जातात. त्याचं पुस्तक १२०२ सालचं. पण हेमचंद्राने साधारण ११५० मध्ये छंदशास्त्राच्या निमित्ताने हीच बेरीज सांगितली होती, आणि त्याच्याही कित्येक शतकं आधी विरहांकाने. त्यांचा प्रश्न असा: लघूची एक मात्रा आणि गुरूच्या दोन, तर ठरावीक मात्रांत लघु-गुरूंच्या किती मांडण्या होतात? आपल्या ० आणि १ च्या ओळींशी याचं नातं अगदी थेट आहे. चांगल्या ओळीच्या शेवटी एक जादा ० लावा. आता प्रत्येक १ च्या मागोमाग ० आहेच. ही १० ची जोडी म्हणजे गुरू, आणि सुटा उरलेला ० म्हणजे लघु. उदाहरणार्थ ०१००१ ही पाच घरांची ओळ घ्या. शून्य लावून ती ०१००१० होते, आणि तोडली की लघु, गुरू, लघु, गुरू अशा सहा मात्रा मिळतात. उलट वाटेने लघु-गुरूंवरून ओळही परत मिळते. शाळेत मात्रागण शिकताना चार मात्रांचे गण पाचच असतात हे पाठ केलेलं आठवत असेल. मोरोपंतांच्या आर्या मोजताना तेच कामाला येतात. ते पाच गण म्हणजेच वर लिहिलेल्या तीन घरांच्या पाच ओळी.

बेरीज करत जाणं सोपं असलं तरी थेट उत्तर मिळेल का, हा पुढचा प्रश्न. लागोपाठच्या आकड्यांचं गुणोत्तर पाहिलं तर १४४ भागिले ८९ म्हणजे जवळपास १.६१८, आणि ८९ भागिले ५५ सुद्धा तेवढंच. म्हणून धरून चालू की प्रत्येक आकडा आधीच्याच्या x पट आहे. मग आपला नियम x² = x + 1 एवढाच उरतो. या समीकरणाची उत्तरं दोन: सुमारे १.६१८ आणि उणे ०.६१८. दोन्हींचे घात नियम पाळतात, आणि त्यांचं कुठलंही मिश्रणही पाळतं. मिश्रणाचं प्रमाण आपली सुरुवात ठरवते. शून्य घरांची ओळ एकच, कोरी, आणि एका घराच्या दोन. हे दोन आकडे बसवले की पहिल्याचा वाटा १.१७०८ येतो आणि दुसऱ्याचा उणे ०.१७०८. दुसऱ्याचे घात झरझर लहान होतात, त्यामुळे १.१७०८ ला १.६१८ च्या हव्या त्या घाताने गुणून जवळची पूर्ण संख्या घेतली की पुरतं.

पुरतं खरं, पण दशांश पुरेसे घेतले तरच. वीस घरांसाठी खरं उत्तर १७,७११ आहे. १.६१८ एवढंच धरून गुणाकार केला तर १७,७०३ येतं, कारण बारीकशी कापाकापी विसाव्या घातापर्यंत फुगते. माझ्या मते नेमका आकडा हवा असेल तर बेरीजच बरी. सूत्र लागतं ते वाढ किती वेगाने होते हे समजायला.

आणि तो वेग कामाचा आहे, कारण अशा अटी खऱ्याखुऱ्या यंत्रांत असतात. सीडीवर १ म्हणजे खड्ड्याची कड. दोन कडा फार जवळ आल्या तर लेसरला त्या वेगळ्या वाचता येत नाहीत. म्हणून तिथली अट आपल्यापेक्षा कडक आहे: दोन १ च्या मध्ये किमान दोन ० हवेत. वरचाच विचार करून पाहा. शेवटी १ असेल तर शेवटची तीन घरं ००१ अशी ठरतात, तेव्हा नियम होतो एक घर आधीचं अधिक तीन घरं आधीचं. चौथ्या वर्षापासून दर वर्षी एक वासरू देणाऱ्या गाईंचं नारायण पंडिताचं १३५६ सालचं गणित याच बेरजेवर चालतं. आपल्या ओळींसाठी आकडे येतात २, ३, ४, ६, ९, १३, १९, २८, ४१, ६०, ८८, १२९, १८९, २७७.

सीडीवर माहिती आठ-आठ बिटांच्या गटांत येते, म्हणजे २५६ वेगवेगळ्या ओळी लागतात. तेरा घरांत १८९ मिळतात, कमी पडतात. चौदा घरांत २७७. कडा फार लांबही पडू नयेत म्हणून सलग दहापेक्षा जास्त ० चालत नाहीत, ते गाळूनही २६७ उरतात. म्हणून फिलिप्स आणि सोनीच्या या पद्धतीत आठ बिटांची चौदा होतात. पण १ वर संपणाऱ्या गटापुढे १ ने सुरू होणारा गट आला तर सांध्यावरच अट मोडते, त्यामुळे दर दोन गटांच्या मध्ये आणखी तीन बिट घालावे लागतात.